डिबोल्ड-मारिआनो कसोटी

एकाच गोष्टीचे दोन अंदाज महिनोन्‌महिने दिले गेले असतील, तर त्यांतला एक खरोखरच अधिक अचूक आहे की दिसणारा फरक योगायोगाचा आहे, हे ठरवणारी सांख्यिकीय कसोटी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अर्थमितितज्ज्ञ फ्रान्सिस डिबोल्ड आणि रॉबर्टो मारिआनो यांनी ती १९९५ साली मांडली. विनिमय दर, महागाई, विजेची मागणी, शेतमालाचे भाव अशा, काळानुसार बदलणाऱ्या राशींचे अंदाज तोलण्यासाठी ती वापरतात.

कसोटीची मूळ कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक महिन्यात पहिल्या अंदाजाची चूक किती महागात पडली आणि दुसऱ्याची किती, हे एका ठरावीक मापाने मोजायचे. या मापाला हानीफल म्हणतात. चुकीचे चिन्ह सोडून नुसते अंतर घेतले तर ती निरपेक्ष हानी, आणि चुकीचा वर्ग केला तर वर्गहानी. मग पहिल्याच्या हानीतून दुसऱ्याची हानी वजा करायची. दर महिन्याला मिळणारा हा आकडा म्हणजे हानीफरक, d_t. दोन्ही अंदाज सारखेच चांगले असतील तर दीर्घ मुदतीत या फरकाची सरासरी शून्य असायला हवी. हीच शून्य परिकल्पना. हातातल्या महिन्यांची सरासरी शून्यापासून फार दूर गेली, तर ती परिकल्पना नाकारायची.

इथपर्यंत नवीन काही नाही. खरा प्रश्न ‘फार दूर’ म्हणजे किती, हा आहे, आणि कसोटीचे सगळे मर्म त्याच्या उत्तरात आहे.

समजा, जानेवारीअखेर मार्चचा भाव सांगितला आणि फेब्रुवारीअखेर एप्रिलचा. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि भाव उसळला. जानेवारीत बसून हा पाऊस दिसत नव्हता, तसाच फेब्रुवारीतही दिसत नव्हता. त्यामुळे मार्चचा अंदाज चुकला आणि त्याच कारणाने एप्रिलचाही चुकला. घटना एक, पण वहीत चुका दोन. दोन महिने पुढचा अंदाज देणारा कितीही हुशार असला तरी शेजारशेजारच्या चुकांमधले हे नाते त्याला टाळता येत नाही. तीन महिने पुढच्या अंदाजात ते दोन महिन्यांपर्यंत पोचते. सर्वसाधारणपणे h पावले पुढच्या, उत्तम अंदाजाच्या चुका h-1 पावलांपर्यंत एकमेकींशी बांधलेल्या असतात. म्हणून बारा महिन्यांचे बारा हानीफरक म्हणजे बारा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांतले काही एकच हकिगत पुन्हा सांगत असतात. नेहमीची टी-कसोटी त्यांना स्वतंत्र धरते आणि नको तितका आत्मविश्वास देते.

डिबोल्ड आणि मारिआनो यांनी भाजकात साध्या विचरणाऐवजी दीर्घकालीन विचरण घेतले. हानीफरकांच्या स्वतःच्या विचरणात (g_0) एक महिना, दोन महिने अशा अंतरांवरची सहविचरणे दुप्पट करून मिळवायची.

```
d_t = L(e1_t) - L(e2_t)
V   = g_0 + 2*(g_1 + ... + g_(h-1))
DM  = dbar / sqrt(V / T)
```

T म्हणजे एकूण महिने, dbar म्हणजे हानीफरकांची सरासरी. T मोठा असेल तर DM हा आकडा प्रमाण प्रसामान्य वितरण पाळतो, म्हणून पाच टक्के पातळीवर तो १.९६ च्या पलीकडे गेला तर फरक सार्थक मानतात.

याआधी मॉर्गन, ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी होती. तिला चुका शून्य सरासरीच्या, प्रसामान्य आणि काळाच्या दृष्टीने एकमेकींशी असंबद्ध लागत, आणि ती वर्गहानीलाच बांधलेली होती. नव्या कसोटीने या अटी सोडल्या. दोन्ही अंदाजकांच्या चुका एकमेकींशी निगडित असल्या तरी चालते. तसे असणारच, कारण दोघेही तोच बाजार पाहत असतात. अट एवढीच, की हानीफरकांची मालिका स्थिर असावी, म्हणजे तिची सरासरी, विचरण आणि अंतराअंतरावरचे सहविचरण काळाबरोबर बदलू नये.

आता एक हिशेब हाताने करून पाहू. आकडे कल्पित आहेत. एका शेतमालाच्या क्विंटलच्या भावाचे दोन महिने पुढचे अंदाज दोन जणांनी वर्षभर दिले. निरपेक्ष हानी धरून पहिल्याची हानी वजा दुसऱ्याची हानी, रुपयांत, महिन्यामागून महिना अशी आली: ३२, ४२, २२, १२, -८, -१८, -८, १२, ३२, ३२, १२, -१८. बेरीज १४४, सरासरी १२. म्हणजे दुसऱ्याचा अंदाज महिन्याला सरासरी बारा रुपयांनी जवळचा ठरला.

सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग मिळवले तर ४८०० येतात, त्यांना बाराने भागून g_0 = ४००. साध्या पद्धतीने प्रमाण त्रुटी ४००/१२ चे वर्गमूळ, म्हणजे ५.७७. बारा भागिले ५.७७ म्हणजे २.०८. हा आकडा १.९६ च्या वर आहे. इथे थांबणारा माणूस दुसऱ्याला विजयी घोषित करून मोकळा होईल.

पण मालिका पुन्हा वाचा. मोठे आकडे मोठ्यांजवळ आहेत, उणे आकडे उण्यांजवळ. शेजारच्या महिन्यांच्या अंतरांचे गुणाकार मिळवले तर २५०० येतात, म्हणून g_1 = २०८.३. h दोन असल्याने एवढे एकच सहविचरण घ्यायचे. V = ४०० + ४१६.७ = ८१६.७. प्रमाण त्रुटी आता ८.२५ झाली आणि DM उतरला १.४५ वर. विजय गेला.

बारा महिने हा नमुना लहानही आहे, आणि लहान नमुन्यात ही कसोटी शून्य परिकल्पना गरजेपेक्षा जास्त वेळा नाकारते. डेव्हिड हार्वे, स्टीफन लेबोर्न आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९९७ साली त्यावर दुरुस्ती सुचवली. DM ला पुढच्या संख्येने गुणायचे आणि निकाल प्रसामान्य वितरणाऐवजी T-1 मुक्तिमात्रांच्या टी-वितरणाशी ताडून पाहायचा.

```
sqrt( (T + 1 - 2*h + h*(h-1)/T) / T )
```

आपल्या उदाहरणात ही संख्या ०.८७४ येते, म्हणून अंतिम आकडा १.२७. त्यापुढे लागणारी सीमा २.२०. p-मूल्य सुमारे ०.२३. एवढ्या पुराव्यावर दोघांत फरक सिद्ध होत नाही. त्याचा अर्थ दोघे सारखे आहेत, असाही नव्हे. सरासरी, विचरण आणि शेजारसंबंध हेच राहिले तर दुरुस्तीसह सीमा ओलांडायला सुमारे सत्तावीस महिने, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या नोंदी लागतील. अहवालात ‘फरक नाही’ असे न लिहिता ‘फरक दाखवता आला नाही’ असे लिहावे, ते याचसाठी.

आर या संगणकभाषेत `forecast` पॅकेजमध्ये ही कसोटी तयार मिळते आणि वरची दुरुस्ती तिच्यात अंतर्भूत आहे. `e1` आणि `e2` म्हणजे दोन्ही अंदाजांच्या चुका.

```r
library(forecast)
dm.test(e1, e2, h = 2, power = 1)
```

इथे एक चूक वारंवार होते. `h` लिहिला नाही तर तो १ धरला जातो आणि `power` लिहिला नाही तर २, म्हणजे वर्गहानी. दोन महिने पुढच्या अंदाजांना `h` न देता कसोटी लावली की शेजारसंबंध गळून पडतो, आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही.

हानीफल आधी ठरवायला हवे, निकाल पाहून नव्हे. एकजण दर महिन्याला दहा रुपयांनी चुकतो. दुसरा तीन महिने पाच रुपयांनी आणि चौथ्या महिन्यात वीस रुपयांनी. निरपेक्ष हानीत दुसरा पुढे, ८.७५ विरुद्ध १०. वर्गहानीत पहिला पुढे, १०० विरुद्ध ११८.७५. कोण खरा, हे गणित सांगत नाही. मोठी चूक किती झोंबते, हे अंदाज वापरणाऱ्यालाच ठाऊक असते.

आणखी एक अडचण V मधूनच येते. सहविचरणे उणे असली तर लहान नमुन्यात V स्वतःच उणे निघू शकतो, आणि मग वर्गमूळच निघत नाही. अशा वेळी दूरच्या सहविचरणांना कमी वजन देणारी बार्टलेटची पद्धत वापरतात. तिच्यात V उणे होत नाही.

मूळ निबंधातले उदाहरण विनिमय दराचे होते. डॉलर आणि डच गिल्डर यांच्या दरातला तीन महिन्यांचा बदल, १९७७ ते १९९१ या काळातला. एका बाजूला वायदे बाजारातल्या दरातून निघणारा अंदाज, दुसऱ्या बाजूला ‘दर आहे तिथेच राहील’ एवढेच म्हणणारा यादृच्छिक भ्रमणाचा अंदाज. तीन महिने पुढचा अंदाज असल्याने दोन अंतरांपर्यंतची सहविचरणे घेतली. निरपेक्ष हानीवर दोघांमधला फरक सार्थक ठरला नाही. विनिमय दराच्या अभ्यासकांना हा निकाल ओळखीचा होता. रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ सालीच दाखवले होते, की त्या काळची अर्थशास्त्रीय प्रतिमाने नमुन्याबाहेरच्या अंदाजांत या साध्या भ्रमणावर मात करत नाहीत.

याच क्षेत्रात कसोटीची मर्यादाही उघडी पडते. प्रतिमानात व्याजदर आणि महागाई घातली आणि त्यांचे गुणांक शून्य केले तर उरते ते भ्रमणच. म्हणजे लहान प्रतिमान मोठ्याच्या पोटात आहे. शून्य परिकल्पना खरी असेल तर दोघांच्या खऱ्या चुका एकच होतात, हानीफरक शून्याकडे जातो आणि त्याचे विचरणही. मग DM प्रसामान्य वितरण पाळत नाही. वर मोठ्या प्रतिमानाला निरुपयोगी गुणांकही मोजावे लागतात, त्या मोजणीतला गोंधळ त्याच्या अंदाजात शिरतो, आणि नेहमीच्या सीमा वापरल्या तर त्याच्यावर अन्याय होतो. टॉड क्लार्क आणि मायकेल मॅकक्रॅकन यांनी अशा जोड्यांसाठी वेगळ्या सीमा काढल्या, तर क्लार्क आणि केनेथ वेस्ट यांनी २००७ साली हानीफरकातच त्या गोंधळाची भरपाई करणारी पद्धत दिली.

डिबोल्ड यांनी स्वतः २०१५ साली लिहिलेल्या लेखात स्पष्ट केले, की कसोटी अंदाजांची तुलना करण्यासाठी आहे, प्रतिमानांची नव्हे. हा भेद बारीक वाटतो, पण कामात मोठा आहे. अंदाज कुणी, कसे, कोणत्या प्रतिमानातून काढले हे कसोटीला कळत नाही. तिच्यासमोर फक्त d_t असतो. म्हणून कसोटी चालवण्याआधी त्याचा आलेख काढावा. सुरुवातीची काही वर्षे तो शून्याच्या वर आणि नंतरची खाली असेल, तर स्थिरतेची अट मोडली आहे आणि सरासरी दोन वेगळ्या काळांची सरमिसळ करते आहे. एकाच महिन्यात, उदाहरणार्थ एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत, उंच सुळका दिसला, तर तो महिना वगळून आणि धरून असे दोन्ही निकाल द्यावेत.