दुकानाचं भाडं एक, विभाग तीन

मोठ्या दुकानात कपड्यांचा विभाग किती विकतो आणि फर्निचरचा किती, हे बिलांवरून लगेच कळतं. खरेदीही विभागवार लिहिता येते, आणि कोणता विक्रेता कुठे उभा असतो हे ठाऊक असल्यामुळे पगारही ज्याचा त्याच्या नावावर पडतो. अडचण पुढे येते. भाड्याची पावती एकच असते, विजेचं बिलही एकच. हे खर्च विभागांच्या नावावर टाकल्याशिवाय निव्वळ नफा निघत नाही, आणि ते कोणत्या प्रमाणात टाकायचे हे पावतीवर लिहिलेलं नसतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. दुकानात तीन विभाग आहेत: कपडे, फर्निचर आणि टीव्हीसारखी उपकरणं. आकडे महिन्याचे आणि हजारांत आहेत, चलन कोणतंही समजा. विक्री अनुक्रमे ९००, ६०० आणि १५००. मालाची किंमत आणि विभागाचे स्वतःचे पगार वजा केल्यावर कपड्यांकडे १९० उरतात, फर्निचरकडे १६५ आणि उपकरणांकडे ११५. एकूण ४७०. यातून ३०० भाडं आणि ६० वीज गेली की दुकानाला ११० नफा राहतो. या ११० मध्ये वाटणीने काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो कोण कमावतंय आणि कोण बुडवतंय या चित्रात.

सगळ्यात सोपी आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे विक्रीच्या प्रमाणात वाटणी. उपकरणांची विक्री एकूण विक्रीच्या निम्मी, म्हणून निम्मं भाडं आणि निम्मी वीज त्यांच्या माथी. म्हणजे १८०. हातात होते ११५, तेव्हा विभाग ६५ तोट्यात दिसतो. कपडे ८२ नफ्यात, फर्निचर ९३ नफ्यात.

आता मालकाने हा तोट्याचा विभाग बंद केला असं धरा. त्याच्याकडून येणारे ११५ थांबतात. भाडं मात्र तेवढंच राहतं, कारण करार अख्ख्या जागेचा आहे. वाचते ती फक्त त्या विभागाची दिव्यांची आणि टीव्हींची वीज, साधारण १८. दुकानाचा नफा ११० वरून १३ वर येतो. आणि पुढचा महिना आणखी विचित्र. भाडं आता दोघांतच वाटायचं असल्याने त्याच पद्धतीने कपड्यांच्या वाट्याला १८० भाडं आणि सुमारे २५ वीज येते. त्यांच्याकडे होते १९०. म्हणजे काल ८२ कमावणारा विभाग आज १५ तोट्यात, आणि त्याने स्वतः काहीही बदललेलं नाही. याच हिशेबावर विसंबून त्यालाही टाळं लावलं, तर राहिलेल्या फर्निचरवर सगळं भाडं येऊन पडेल.

चूक कुठे झाली? भाडं विक्रीमुळे लागत नाही, जागेमुळे लागतं. खर्च वाटताना पाहायचं ते हेच, की तो कशामुळे वाढतो किंवा कमी होतो. उपकरणांची विक्री उद्या दुप्पट झाली तरी घरमालक एक पैसाही जास्त मागणार नाही. तरीही विक्रीच्या प्रमाणात वाटलं, तर त्या विभागाला जास्त विकल्याचा दंड बसतो आणि बाकीच्यांचा भार आपोआप हलका होतो.

म्हणून भाड्यासाठी जागा मोजायची. कपड्यांकडे १८०० चौरस फूट, उपकरणांकडे १२०० आणि फर्निचरकडे ३०००. जिना, वाट आणि पैसे भरण्याचं काउंटर कुणा एकाचं नसतं, ते यात धरलेलं नाही. त्यांचं भाडं याच प्रमाणात सगळ्यांवर पडतं. एखाद्या विभागाचं वेगळं गोदाम असेल तर ते मात्र त्याच्याच मापात धरायला हवं. हे बऱ्याचदा राहून जातं.

पण नुसतं मोजून भागत नाही. कपडे आणि उपकरणं तळमजल्यावर आहेत, फर्निचर वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर रस्त्यावरचं गिऱ्हाईक सहज आत येतं, म्हणून तिथला फूट महाग. आसपास वरच्या मजल्याला तळमजल्याच्या निम्मा दर मिळत असेल, तर फर्निचरचे ३००० फूट १५०० धरायचे. एकूण झाले ४५००. भाड्याची वाटणी होते कपडे १२०, फर्निचर १००, उपकरणं ८०. हा निम्म्याचा अंदाज हिशेबातली सगळ्यात नाजूक जागा आहे, म्हणून तो एखाद्या विभागप्रमुखाच्या आग्रहावरून ठरू नये, बाजारातल्या दरावरून ठरावा.

विजेचा हिशेब मला यातला सगळ्यात रंजक भाग वाटतो, कारण इथे खर्च खरोखर मोजता येतो. प्रत्येक विभागाला वेगळा सबमीटर असेल तर वाद मिटलाच. नसेल तर वॅट आणि तास धरायचे. कपड्यांकडे २० वॅटचे ६० दिवे १२ तास चालतात, म्हणजे दिवसाला १४.४ युनिट. फर्निचरचे तसेच ४० दिवे, ९.६ युनिट. उपकरणांचे दिवे फक्त ३०, पण दाखवायला लावलेले १२० वॅटचे २० टीव्ही दिवसभर सुरू असतात. त्यांचे मिळून ३६ युनिट. एकूण ६०, त्यातला ६० टक्के वाटा एकट्या उपकरणांचा. दिव्यांची संख्या मोजून वाटणी केली असती तर हे टीव्ही कुठेच दिसले नसते.

बिलातले ३० या दिव्यांचे आणि टीव्हींचे, उरलेले ३० एसीचे. एसी जागा थंड करतो, म्हणून तो जागेच्या प्रमाणात वाटायचा. इथे मात्र वरचा मजला निम्मा धरायचा नाही. भाडं स्वस्त असलं म्हणून तिथली हवा अर्ध्या विजेत थंड होत नाही. दोन्ही मिळून वीज पडते कपड्यांवर १६.२, फर्निचरवर १९.८ आणि उपकरणांवर २४.

हा अंदाज बरोबर आहे का, हे मुख्य मीटर सांगतो. दिवसाचे ६० युनिट म्हणजे ३० दिवसांचे १८००. एसी सोडून मीटरवर २१०० दिसले, तर ३०० युनिट कुठेतरी न मोजता जळतायत. ते प्रमाणात वाटून मोकळं होण्याआधी दुकान बंद झाल्यावर एकदा मीटर पाहावा. रात्री सुरू राहणारे फलक किंवा बंद न केलेले टीव्ही तिथेच सापडतात.

नव्या हिशेबात कपड्यांचा नफा ५३.८, फर्निचरचा ४५.२ आणि उपकरणांचा ११. बेरीज तीच, ११०. तोट्यातला विभाग नफ्यात आला.

तरी या ११ वरही फार भार टाकू नये. वरच्या मजल्याचा दर थोडा बदलला की तोही हलतो. काही खर्चांना तर प्रामाणिक असा कुठलाच आधार नसतो. कर्जावरचं व्याज, हिशेब तपासणीची फी, मालकाचा पगार हे विभागांवर ढकलण्यापेक्षा सर्वसाधारण नफा-तोटा खात्यात एकत्रच ठेवलेले बरे. विभागाच्या ताब्यातले आकडे आणि वाटून आलेले आकडे ताळेबंदाआधीच्या तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत दाखवले, तर विभागप्रमुखाला आपण कशासाठी जबाबदार आहोत हेही कळतं.

आणि उपकरणांचा विभाग ठेवायचा की नाही, हा प्रश्न ना उणे ६५ वरून सुटतो ना ११ वरून. तो ११५ वरून सुटतो. विभाग गेला तर ११५ जातात, १८ वीज वाचते. त्या १२०० फुटांत दुसरं काही मांडून, किंवा करारात परवानगी असेल तर ती जागा पोटभाड्याने देऊन, महिन्याला ९७ पेक्षा जास्त हातात उरत असतील तरच विभाग हलवण्यात फायदा आहे.