औषधांच्या मानवी चाचण्यांचे टप्पे

प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासून झालेले नवे औषध माणसांवर चार टप्प्यांत पारखले जाते. प्रत्येक टप्प्याचा प्रश्न वेगळा असतो.

पहिला टप्पा साधारण २० ते १०० जणांचा, बहुधा निरोगी स्वयंसेवकांचा. कर्करोगाची जहाल औषधे मात्र थेट रुग्णांनाच देतात. औषध गुणकारी आहे का, हे इथे पाहत नाहीत. किती मात्रा शरीराला सोसते आणि औषध रक्तात किती वेळ राहते, एवढेच पाहतात. मार्च २००६मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड सहा तरुणांना टोचले गेले. माकडांना न बाधलेल्या मात्रेच्या फक्त पाचशेवा भाग दिला होता, तरी सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले. माणसाच्या प्रतिकारपेशी माकडाच्या पेशींपेक्षा वेगळ्या वागल्या होत्या. त्यात दोघांच्या डोसांमध्ये अंतर जेमतेम दहा मिनिटांचे, त्यामुळे पहिल्याला त्रास सुरू होईपर्यंत सगळ्यांना डोस देऊन झाले होते. आता जोखमीचे औषध आधी एकालाच देऊन थांबतात.

दुसऱ्या टप्प्यात शंभर ते काही शे रुग्णांवर गुण येतो का आणि योग्य मात्रा कोणती, हे ठरते. बरीच औषधे इथेच गळतात.

तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले जातात. नवे औषध प्रचलित उपचारापेक्षा किंवा औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस आहे का, हा इथला प्रश्न. पण ३,००० जणांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो हजारात एकाला होत असण्याची शक्यता उरते.

म्हणून विक्री सुरू झाल्यावर चौथा टप्पा. संधिवातावरचे रोफेकॉक्सिब १९९९मध्ये अमेरिकेत बाजारात आले. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ८,००० रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांना नेप्रोक्सेन हे जुने वेदनाशामक घेणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचे झटके जास्त आले. नेप्रोक्सेनच हृदयाला जपत असेल, असा युक्तिवाद उत्पादकाने केला. तुलनेला औषधाविना गट नव्हता, त्यामुळे तो खोडता येईना. पुढे आतड्यातील गाठींसाठी सुमारे २,६०० जणांवर झालेल्या चाचणीत तसा गट होता. तिथे दीड वर्षानंतर दोन्ही गटांतला फरक उघड झाला आणि ३० सप्टेंबर २००४ला औषध मागे घेतले गेले. भारताने डिसेंबरमध्ये बंदी घातली.

डॉक्टरांनी कळवलेल्या दुष्परिणामांच्या नोंदींतून हे आधीच स्पष्ट व्हायला हवे होते, असे वाटते. पण साठीच्या संधिवाताच्या रुग्णाला झटका आला, तर गोळीवर संशय कोण घेणार? एरवी क्वचित होणारे यकृताचे बिघाड किंवा अंगावरचे विचित्र चट्टे अशा नोंदींतून पटकन लक्षात येतात. जो आजार त्या वयात तसाही होतो, तो औषधाने वाढला का, हे मात्र दोन गट शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.