अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी

“करार अकरा महिन्यांचाच आहे, मग नोटरी केली की पुरे ना? रजिस्ट्रेशन कशाला?”

महाराष्ट्रात पुरत नाही. नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची पळवाट तिथूनच निघाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

खर्चाचा बाऊ करू नका. पुण्यात भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं १,६५,०००, त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण ४,५८३. या बेरजेच्या पाव टक्का म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास मुद्रांक शुल्क, वर नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे.

अंगठा देण्याआधी डिपॉझिटचं कलम सावकाश वाचा. “घर सोडल्यावर परत” एवढंच लिहिलेलं असेल तर “चावी देताना त्याच दिवशी” असं करून घ्या, आणि कापायचं ते कशासाठी हेही. मग लॉक-इन बघा, म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही ती मुदत: ती दोघांना लागू आहे की फक्त तुम्हाला?