कातरवेळेचा कॅफे आणि विटांनी गिळलेला निळा

संगणकावर एक कॅफे उभा केला होता. एका बाजूला गिलावा न केलेली, कोपऱ्यात वळणारी विटांची भिंत, तिच्याकडेनं सोफे आणि बुटकी टेबलं, मधे साध्या खुर्च्या, पलीकडे उंच स्टुलांचा काउंटर. वर तारांनी सोडलेले लोंबते दिवे, समोर मोठी खिडकी आणि बाहेर तिन्हीसांज. संध्याकाळची ऊब हवी म्हणून दिव्यांना 2700 केल्विनचा पिवळसर रंग दिला आणि रेंडर सुरू केलं. चित्र तयार झालं तेव्हा सगळा कॅफे नारिंगी पाकात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. टेबलावरचा पांढरा कपसुद्धा नारिंगीच.

अशा वेळी हात आधी दिव्यांच्या रंगाकडे जातो. पण दिवे चुकलेले नव्हते. खऱ्या कॅफेत तेच दिवे असते आणि आपण तिथे बसलो असतो, तर तो कप पांढराच वाटला असता. मग चित्रात काय झालं?

रेंडर करणारं सॉफ्टवेअर प्रकाशाचा हिशेब लाल, हिरवा आणि निळा अशा तीन खात्यांत ठेवतं. दिवसाच्या उजेडाला, म्हणजे 6500 केल्विनला पांढरं मानलं, तर 2700 केल्विनच्या दिव्यात लाल 1 असताना निळा जेमतेम त्याच्या एक दशांश भरतो. इतका एकांगी प्रकाश डोळ्यांना खटकत नाही, कारण खोलीत आल्यावर थोड्याच वेळात आपली दृष्टी त्या प्रकाशाशी जुळवून घेते आणि कपाला पांढरा ठरवते. चित्रातल्या कॅमेऱ्याला मात्र पांढरं कशाला म्हणायचं ते आपणच सांगावं लागतं. माझा कॅमेरा 6500 वर बसला होता. तो 2700 वर आणला तर कप अगदी शुभ्र होतो, पण संध्याकाळ निघून जाते आणि दवाखान्याच्या उजेडासारखा कोरडेपणा येतो. मी 3800 च्या आसपास थांबलो. कपावर किंचित साय धरल्यासारखी छटा राहिली, आणि तेवढी हवीच असते.

तरीही विटांच्या भिंतीजवळचा कोपरा आणि तिथलं छत नारिंगीच राहिलं. हे काम विटांचं. समजा, आपली वीट पडलेल्या लाल प्रकाशातला 40 टक्के, हिरव्यातला 20 टक्के आणि निळ्यातला 10 टक्के परत फेकते. एकदा आपटलेल्या प्रकाशात लाल आणि निळ्याचं प्रमाण चारास एक झालं. तोच प्रकाश कोपऱ्यात दुसऱ्या विटेवर आपटला की लाल 16 टक्के उरतो आणि निळा अवघा 1 टक्का. दिव्यात आधीच निळा कमी, त्यात विटांनी तो असा गिळला. कोपऱ्यात प्रकाश भिंतीभिंतींमधेच घुटमळतो, म्हणून रंग तिथेच सर्वांत गडद होतो.

भिंतीचा रंग असा शेजारी उतरतो हे संगणकाला 1984 च्या सुमारास शिकवलं गेलं. त्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एका रिकाम्या खोक्याचं चित्र काढलं, आणि त्यात रंगीत भिंतींची छटा शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागांवर पसरलेली दिसत होती. 1986 मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाचा हा सगळा व्यवहार एका समीकरणात मांडला. आजची बहुतेक रेंडर सॉफ्टवेअर तेच समीकरण सोडवतात, त्यामुळे पृष्ठभागाची माहिती चुकीची दिली तर ती चूकही ती इमानेइतबारे पुढे नेतात. माझ्याकडची चूक विटांच्या फोटोत होती. फोटो उन्हात काढून रंग भडक केलेला होता, म्हणजे वीट प्रत्यक्षापेक्षा जास्त लाल प्रकाश परत फेकत होती. फोटोतल्या रंगाचा भडकपणा थोडा कमी आणि काळपटपणा थोडा जास्त केल्यावर भिंत अजून विटांचीच दिसत होती, पण छत सुटलं. पारख करायची असेल तर भिंत आणि पांढरं छत जिथे मिळतात तिथे बघावं. रंग भिंतीपासून दूर जाताना हळूहळू विरायला हवा. छतभर सारखाच पसरला असेल तर वीट खोटं बोलते आहे.

आता खिडकी. ऊब जाणवायला शेजारी थंड काहीतरी लागतं, आणि इथे ते काम आकाश करतं. सूर्य मावळल्यानंतरच्या आकाशाचा खोल निळा रंग मुख्यत्वे ओझोनमुळे येतो. त्या वेळी सूर्यप्रकाश वातावरणातून तिरका, लांबचा रस्ता कापतो आणि वाटेत ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. एडवर्ड हलबर्ट यांनी हे 1953 मध्ये दाखवलं. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आकाश बनवणाऱ्या Sky Texture मध्ये Ozone नावाची स्वतंत्र सेटिंग आहे, ती यासाठीच. पण वेळ नेमकी निवडावी लागते. सूर्यास्ताला बाहेर सुमारे 400 लक्स उजेड असतो, आणि सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत तो 3-4 लक्सवर येतो. आत टेबलावर 100 लक्स असतील, तर सूर्य साधारण 4 अंश खाली असतानाची वेळ चांगली. बाहेर वीस-तीस लक्स उरतात, खिडकी निळी दिसते आणि आतल्या दिव्यांना दबवत नाही.

बैठकांच्या वेगवेगळ्या उंचीनं मला सर्वांत जास्त छळलं. एक दिवा एकूण 400 ल्युमेन प्रकाश देतो आणि त्याची टोपी सगळा प्रकाश खालच्या अर्ध्या भागात सारखा टाकते असं धरू. मग खालच्या कोणत्याही दिशेला सुमारे 64 कॅंडेला इतकी प्रकाशाची तीव्रता मिळते. लक्स काढायचे तर याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गानं भागायचं. सगळे दिवे मी जमिनीपासून 155 सेंटिमीटरवर एका ओळीत टांगले होते. साधं टेबल 75 सेंटिमीटर उंच, म्हणून अंतर 80 सेंटिमीटर आणि उजेड 100 लक्स. सोफ्यापुढचं टेबल 45 सेंटिमीटरचं, तिथे 53 लक्स. आणि 105 सेंटिमीटरच्या काउंटरवर 256. सारख्याच दिव्यांखाली एक टेबल झोपाळू आणि काउंटर जळालेला.

हा जळका ठिपका रंगानंही ओळखू येतो. नारिंगी प्रकाश पडद्याच्या मर्यादेपलीकडे गेला की लाल आधी कमाल पातळीला टेकतो, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि नारिंगीचा लिंबासारखा पिवळा होतो. AgX सारखी रंगरूपांतरं अशा जागा पांढऱ्याकडे हलकेच नेतात, म्हणून ती वापरावीत. पण मूळ इलाज तारेच्या लांबीत होता. काउंटरवरचे दिवे 30 सेंटिमीटर वर घेतले, सोफ्याजवळचे 20 खाली आणले. काउंटरवर अंतर पुन्हा 80 झालं, सोफ्यापुढे 90 झालं आणि तिथला उजेड 79 लक्सवर आला. दिवे वेगवेगळ्या उंचीवर लोंबताना छानही दिसतात.

शेवटी उरले ते दाणे. अंधाऱ्या कोपऱ्यात प्रकाश अनेक टप्प्यांनी पोहोचतो, आणि संगणक त्यातल्या थोड्याच वाटा चाचपून पाहतो, म्हणून तिथे चित्र वाळू भुरभुरल्यासारखं होतं. दाणे निम्मे करायचे तर वाटा चौपट मोजाव्या लागतात. दाणे पुसणारं फिल्टर हे काम क्षणात करतं, पण विटांमधले बारीक सांधे त्याला दाण्यांसारखेच वाटतात आणि भिंत मेणाची होते. त्यामुळे फिल्टर लावण्यापूर्वी मी सोफ्यामागची भिंत मोठी करून बघतो. फिल्टरशिवाय सांध्यांच्या रेषा सलग ओळखू येत असतील तरच ते लावतो, नाहीतर वाटा चौपट करून रात्रभर संगणक चालू ठेवतो.