दार वाजतं, पण विनोद कुठे असतो?

"चार वर्षांची मुलगी तोच नॉक-नॉक जोक दिवसात वीस वेळा सांगते. मुलांना त्यातली शब्दांची कोटी फार आवडते, म्हणूनच ना?"

नाही. या वयात कोटी बहुधा कळलेलीच नसते. हा जोक बघा:

"नॉक नॉक."
"हूज देअर?"
"लेटस."
"लेटस हू?"
"लेटस इन, इट्स कोल्ड!"

'लेटस' ही सॅलडची पानं, आणि 'लेटस इन' भरभर म्हटलं की तेच 'लेट अस इन', म्हणजे 'आम्हाला आत घ्या'. एकाच आवाजात दोन अर्थ एकदम धरून ठेवणं साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास जमू लागतं. त्याआधी हाती लागतो तो फक्त सांगाडा: पाच ओळी, त्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या समोरच्याच्या, आणि त्याही आधीच ठरलेल्या. मूल "नॉक नॉक" म्हणालं की आजोबांनासुद्धा "हूज देअर?" म्हणावंच लागतं. दिवसभर मोठ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या जिवाला ही केवढी सत्ता! शिवाय पुढे काय येणार हे पक्कं ठाऊक असतं, शेवटी सगळे हसतात. मग पुन्हा का नाही सांगायचा?

कोटी कळली आहे की नाही, हे मुलाने स्वतः रचलेल्या जोकवरून कळतं. "खुर्ची." "खुर्ची हू?" "खुर्ची पडली!" आणि स्वतःच लोटपोट. चाल अचूक, कोटी गायब. "यात गंमत काय?" असं विचारा, "पडली ना!" असंच उत्तर आलं, तर कोटीला अजून अवकाश आहे.