पासवर्ड बरोबर, तरी खिडकी पुन्हा उघडते

ब्राउझरमध्ये जीमेल त्याच पासवर्डने उघडतं, पण कॉम्प्युटरवरचा जुना मेल प्रोग्राम तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतो. असं झालं की माणूस आधी स्वतःच्या टायपिंगवर शंका घेतो. खरं कारण मात्र बरंच जुनं आहे.

मेल आणण्याची आयमॅप ही पद्धत १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. तिच्या LOGIN आज्ञेत नाव आणि पासवर्ड एवढंच जातं. मोबाइलवर आलेला कोड टाकायला त्यात जागाच नाही. गुगलने फेब्रुवारी २०११ पासून सगळ्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन द्यायला सुरुवात केली, तेव्हा हीच अडचण समोर आली. त्यावरचा तोडगा म्हणजे ॲप पासवर्ड: गुगलनेच बनवलेली १६ अक्षरं, जी दुसरी पायरी न विचारता चालतात.

आमच्या ओळखीच्या एका हिशेबनीसांनी नवा फोन घेतल्यावर टू-स्टेप सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या प्रोग्रामचा तगादा सुरू झाला. त्यांनी पासवर्ड तीनदा बदलला, उपयोग शून्य. सर्व्हरचं उत्तर उघडून पाहिलं तर ते असं होतं:

```
a1 NO [ALERT] Application-specific password required
```

म्हणजे सर्व्हरने कारण स्पष्ट सांगितलं होतं. ALERT चा मजकूर वापरणाऱ्याला दाखवावा असा आयमॅपचा नियमच आहे, पण कित्येक प्रोग्राम तो गिळतात. त्यांना फक्त नकार कळतो आणि नकारावर त्यांच्याकडे एकच उपाय असतो, पुन्हा पासवर्ड विचारणं. माझ्या मते लोकांचे तासन् तास इथेच वाया जातात.

myaccount.google.com/apppasswords इथे नवा ॲप पासवर्ड काढला, प्रोग्राममधला साठवलेला जुना पासवर्ड पुसला आणि नवा घातला. मेल येऊ लागली, पण पाठवताना खिडकी परत आलीच. जाणाऱ्या मेलसाठी, म्हणजे एसएमटीपीसाठी, पासवर्ड वेगळा साठवलेला होता. तिथेही तीच १६ अक्षरं घातल्यावर काम झालं.

टू-स्टेप नको असणाऱ्यांसाठी ‘लेस सिक्युअर ॲप्स’ हा पर्याय बरीच वर्षं होता. वैयक्तिक खात्यांसाठी तो ३० मे २०२२ पासून बंद झाला आणि त्या दिवसापासून साधा पासवर्ड घेऊन येणारे जुने प्रोग्राम बाहेर राहिले. टू-स्टेप सुरू नसेल तर ॲप पासवर्डही मिळत नाही. नवे प्रोग्राम ओऑथ वापरतात. त्यात गुगलचंच लॉगिनचं पान उघडतं आणि प्रोग्रामला पासवर्ड कळतच नाही. प्रोग्राममध्ये ती सोय असेल तर तीच घ्यावी, कारण ॲप पासवर्ड ज्याच्या हाती पडेल त्याला दुसरी पायरी आडवी येत नाही.

आणि गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. महिन्याभराने हिशेबनीसांचा पुन्हा फोन आला तो त्यामुळेच.