आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी : घेण्याची वेळ आणि त्यानंतरची उलटी

संततिनियमनाचे साधन न वापरता संबंध आला, निरोध फाटला किंवा रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या चुकल्या, तर गर्भ राहू नये म्हणून नंतर घ्यायची गोळी. भारतात तिच्यात बहुधा लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते आणि ती एकदाच घ्यायची असते. २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये मिळते. सरकारी पुरवठ्यातील गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात व आशाताईंकडेही असते. सातारा जिल्ह्यात तिला कुणी एखाद्या कंपनीच्या नावाने ओळखतात, कुणी '७२ तासांची गोळी' म्हणतात. हे दुसरे नाव सोयीचे आहे, पण त्यातूनच एक गैरसमज पसरतो. ७२ तासांची मुदत आहे म्हणजे तिसऱ्या दिवशी घेतली तरी तेवढाच गुण येईल, असे लोक धरून चालतात.

या गोळीच्या बाबतीत दोन घड्याळे चालू असतात आणि त्यांची गल्लत होते. पहिले घड्याळ संबंध आला त्या वेळेपासून धावते. दुसरे गोळी गिळल्यापासून सुरू होते आणि दोन-तीन तासांत थांबते. उशीर किती झाला हे पहिल्यावर पाहायचे. उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यायची का, हे फक्त दुसऱ्यावरून ठरते.

पहिले घड्याळ. गोळीचे मुख्य काम स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवणे हे आहे. पाळीच्या चक्राच्या मध्याला मेंदूखालच्या ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट येते आणि त्यानंतर दीड दिवसाच्या आत बीजकोषातून बीज सुटते. ही लाट उसळण्यापूर्वी गोळी पोटात गेली तर बीज काही दिवस अडून राहते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस टिकते, तेवढ्यात ते निकामी होते आणि दोघांची गाठ पडत नाही. लाट सुरू झाल्यावर मात्र गोळीचा फारसा उपयोग उरत नाही. बीज परवा सुटणार आहे की आज रात्री, हे त्या बाईला कळण्याचा साधा मार्ग नसतो. त्यामुळे सकाळी घेता येणारी गोळी संध्याकाळवर ढकलली, तर कदाचित नेमके तेच तास हातचे जातात. गर्भ एकदा रुजला की ही गोळी त्याला काही करत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. 'पाडायची गोळी द्या' म्हणून मेडिकलमध्ये मागितले तर ती वेगळीच औषधे ठरतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लेव्होनॉरजेस्ट्रेल पहिल्या २४ तासांत घेतल्यास अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. २५ ते ४८ तासांत घेतल्यास ८५ टक्के टळल्या आणि ४९ ते ७२ तासांत घेतल्यास ५८ टक्के. नंतरच्या विश्लेषणांत हा उतार दरवेळी इतका तीव्र दिसला नाही. आता ही संघटना पाचव्या दिवसापर्यंतही गोळी देता येते असे सांगते, पण लवकर घेण्याचा सल्ला कायम आहे. हे टक्के नीट वाचायला हवेत. शंभर बायकांपैकी पाच जणींना दिवस राहतात, असा ९५ टक्क्यांचा अर्थ नाही. चक्राच्या मध्याच्या सुमारास एकदाच असा संबंध आलेल्या शंभर बायकांत, काहीच न केल्यास, साधारण आठ जणींना दिवस जातात. टळतात त्या या आठांमधल्या.

उशीर बहुतेक वेळा लाजेपोटी होतो. गावात मेडिकल एकच असते, दुकानदार घरच्यांच्या ओळखीचा असतो. मग आठवड्याच्या बाजाराला साताऱ्याला जाऊ तेव्हा आणू, असे ठरते. बाजार चार दिवसांवर असेल तर चौथ्या दिवशी आणलेली गोळी फार उशिरा आलेली असते. गोळी नवऱ्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी आणली तरी चालते. आशाताईंकडून घेतली तर दुकानाची पायरीही चढावी लागत नाही.

दुसरे घड्याळ. गोळी गिळल्यावर औषध आतड्यातून रक्तात उतरते आणि साधारण दोन तासांच्या सुमारास रक्तातले त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. त्याआधी ओकारी झाली तर किती औषध आत गेले आणि किती बाहेर पडले, हे सांगता येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा : गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली, तर तीच पूर्ण मात्रा शक्य तितक्या लवकर पुन्हा घ्यायची. ब्रिटनमधील सल्ल्यात आणि युरोपातल्या माहितीपत्रकांत ही मर्यादा तीन तासांची आहे. युलिप्रिस्टल नावाची दुसरी आपत्कालीन गोळी घेतली असेल तर सर्वत्र तीन तासच धरतात. दोन ते तीन तासांच्या मधली उलटी ही खरी संशयाची जागा. तिथे प्रस्तुत लेखकाचे मत पुन्हा घेण्याच्या बाजूने आहे. जादा एका गोळीने मळमळ वाढेल, पाळी थोडी इकडेतिकडे होईल, पण गंभीर अपाय होत नाही. चुकून राहिलेले दिवस त्याहून महाग पडतात. तीन तास उलटल्यावर झालेल्या उलटीसाठी, किंवा रात्री गोळी घेऊन सकाळी मळमळले म्हणून, दुसरी गोळी लागत नाही.

उलटीत गोळीचा तुकडा दिसला की नाही, यावर लोक फार भर देतात. ती कसोटी चुकीची आहे. गोळी पोटात लवकर विरघळते, त्यामुळे काही न दिसणे म्हणजे औषध आत गेले असे नव्हे. नुसती मळमळ झाली, पाणी सुटले, पण ओकारी झाली नाही, तर गोळी वाया गेलेली नसते. उलटी कशामुळे झाली यालाही महत्त्व नाही. औषधाने, शिळ्या अन्नाने किंवा गाडी लागल्याने, पोट रिकामे झाले की झाले. घाटाच्या या जिल्ह्यात शेवटचे कारण विसरून चालणार नाही. एरवी या गोळीने उलटी होण्याचे प्रमाण कमी आहे. १९९८ च्या त्याच चाचणीत मळमळ साधारण चारातल्या एकीला झाली, उलटी मात्र शंभरात सहाजणींनाही नाही. पूर्वी दोन संप्रेरकांच्या मिश्र गोळ्या वापरत, त्यांत हे प्रमाण शंभरात जवळपास एकोणीस होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मेढ्याजवळची एक बाई. मंगळवारी रात्री अकराला निरोध फाटला. बुधवारी कामाला ती साताऱ्याला आली, साडेनऊला मेडिकलमधून गोळी घेऊन तिथेच गिळली आणि दहाच्या एसटीने मेढामार्गे महाबळेश्वरला नणंदेकडे निघाली. केळघरच्या घाटात वळणे सुरू झाली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी तिला ओकारी झाली. आता हिशोब साडेनऊपासून धरायचा, रात्रीच्या अकरापासून नव्हे. एक तास चाळीस मिनिटे झाली, म्हणजे दोन तासांच्या आत. गोळी पुन्हा लागणार. महाबळेश्वरला उतरून तिने मेडिकलमध्ये दुसरी गोळी घेतली आणि काय झाले ते सांगितल्यावर औषधविक्रेत्याने आधी उलटी थांबवणारी गोळी घ्यायला लावली. अर्धा-पाऊण तास थांबून, पोट स्थिर झाल्यावर, पाऊण वाजता तिने दुसरी मात्रा घेतली. पहिल्या घड्याळावर तेव्हा पावणेचौदा तास झाले होते, म्हणजे ती अजून पहिल्या दिवसातच होती. पावणेचारपर्यंत उलटी झाली नाही, मग विषय संपला. हीच ओकारी परतीच्या गाडीत संध्याकाळी पाचला झाली असती, तर काहीच करावे लागले नसते.

ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन लगेच घाट चढू नये, पण गाडी चुकेल म्हणून गोळीच पुढे ढकलणे हा उपाय नव्हे. घाटाआधी अर्धा ते एक तास उलटी थांबवणारी गोळी घ्यावी. सगळ्यांनीच ती आधी घेण्याची मात्र गरज नसते. शक्य असेल तेव्हा गर्भनिरोधक गोळीची दोन पाकिटे एकदम घ्यावीत. दुसरे लागले नाही तर मुदत पाहून ठेवून देता येते.

दुसरी मात्राही दोन तासांत ओकून पडली तर तिसऱ्या-चौथ्या गोळीमागे धावण्यात अर्थ नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी गोळी योनिमार्गे ठेवण्याचा एक मार्ग आहे, पण तो त्यांना विचारूनच. दुसरा मार्ग तांबी, म्हणजे कॉपर-टी. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांत ती बसवली तर शंभरातील नव्याण्णवांहून अधिक जणींना गर्भ राहत नाही आणि ओकारीचा प्रश्नच उरत नाही. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यांत ती मोफत बसवतात. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असलेल्यांनाही तांबीचाच विचार आधी करायला सांगतात, कारण ही औषधे लेव्होनॉरजेस्ट्रेल लवकर निचरा करून टाकतात. ती गोळी उलटी न होताही कमी पडू शकते.

गोळीने बीज पुढे ढकललेले असते, म्हणजे धोकाही पुढेच ढकललेला असतो. घेतल्यानंतरच्या चार-पाच दिवसांत पुन्हा साधनाशिवाय संबंध आला तर आधीची गोळी त्याला पुरत नाही. पुढची पाळी एरवीच्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येते. मध्ये थोडे अंगावरून गेले तरी ती पाळी समजू नये. तारखेनंतर आठ दिवस वाट पाहूनही पाळी आली नाही, किंवा गोळी घेऊन तीन आठवडे झाले, तर सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी करावी. सरकारी 'निश्चय' किट आशाताईंकडे असते. ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर ती वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे.